फोटोवरून रिपोर्ट समजावून सांगावा का?

रामबागची लेक: इंदूरहून भावाने बाबांच्या सीबीसीचा फोटो पाठवलाय. प्लेटलेट ५८,०००. ताप नाही, स्टेंटमुळे अ‍ॅस्पिरिन चालू. लॅबमध्ये काम करणारी वहिनी म्हणते, "मशीनची चूक, घाबरू नका." घरच्यांनी असं सांगावं का?

जुना इंदूरकर: मुळीच नाही. रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचावा. उद्या काही झालं तर वहिनी जबाबदारी घेणार आहे का?

राजवाडा ५२: आमच्या मुलाला डेंग्यूत ४०,००० झाल्या होत्या. पपईच्या पानांचा रस द्या, दोन दिवसांत वाढतात.

रक्तपेढीतली मावशी: राजवाडा, इथे ताप नाही, डेंग्यूचं निदानही नाही. ताई, फोटोत पानाचा तळ कापला गेलाय. शेरा तिथेच असतो, पूर्ण पान मागवा. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन अख्खा गठ्ठा एकच धरतं, किंवा प्लेटलेट म्हणून धरतच नाही. आकडा पडतो, रक्तात मात्र प्लेटलेट असतात. हे काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

विजयनगरवाला: म्हणजे वहिनी बरोबर. ताप नाही, रक्तस्राव नाही, विषय संपला.

रक्तपेढीतली मावशी: नाही हो. लक्षणं नसतानाही प्लेटलेट खरोखर कमी असू शकतात. "गठ्ठे दिसले असतील तर हा आकडा भरवशाचा नाही" एवढं घरच्यांनी सांगावं. "बाबांच्या प्लेटलेट ठीक आहेत" हे फोटोवरून कोणीच सांगू नये. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रक्त पुन्हा द्यायचं. त्यातल्या द्रवाने रक्त पातळ होतं, म्हणून मशीनच्या आकड्यात दहा टक्के मिळवतात: १,६०,००० आले तर १,७६,००० धरायचे. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, मग पट्टीवरूनच अंदाज घ्यावा लागतो. आणि अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका. स्टेंट आहे, ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा, आजच फोन करून.

रामबागची लेक: पूर्ण पान आलं. खाली लिहिलंय, "प्लेटलेटचे गठ्ठे दिसले, पुन्हा नमुना द्यावा." भावाने पाठवलेल्या फोटोत नेमकं तेवढंच कापलं गेलं होतं! डॉक्टरांशी बोलणं झालं, गोळी चालूच ठेवायला सांगितली. उद्या सकाळी निळ्या नळीत रक्त देणार.

रक्तपेढीतली मावशी: छान. मागच्या वर्षीचा सीबीसी असेल तर तोही न्या, तेव्हाचा आकडा डॉक्टरांच्या कामी येईल. मधल्या वेळात हिरड्यांतून रक्त, पायांवर बारीक लाल ठिपके किंवा काळी शी दिसली तर सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत.

जुना इंदूरकर: मावशी, तुम्हाला हे कळतं. ज्या घरात तुमच्यासारखं कोणी नाही, तिथे "मशीनची चूक" हे दोन शब्दच राहतात आणि माणूस पुन्हा रक्त द्यायला जातच नाही. माझं मत तेच.

रामबागची लेक: काका, पण वहिनी काहीच बोलली नसती तर घाबरून भावाने रात्रीच गोळी बंद केली असती.