रोजचे १२ किलोमीटर : पेट्रोल की इलेक्ट्रिक?

कोथरूडकर : ऑफिसला जाऊन-येऊन १२ किमी, वाटेतच मुलीची शाळा. छोटी हॅचबॅक घ्यायचीय. जो तो म्हणतो, "गावातच फिरणार ना, मग इलेक्ट्रिकच घे, पैसे वाचतील." खरंच वाचतात का?

मिलिंद : हे वाक्य ऐकून आता वैताग आलाय. महिन्याला ३०० किमी धरा. गर्दीत पेट्रोलला ११ चं ॲव्हरेज, लिटर १०५ रुपये, म्हणजे २,८५० च्या आसपास. इलेक्ट्रिक युनिटला ६ किमी, युनिट १२ रुपये, म्हणजे ६००. वर्षाला वाचले २७ हजार. रोड टॅक्स माफ धरूनही गाडी दोन-अडीच लाखांनी महाग पडली, तर ते फिटायला आठ-नऊ वर्षं लागतात. वाचतं ते रोज ५० किमी पळणाऱ्याचं.

स्पार्कप्लग : आणि तोवर बॅटरी संपलेली! आठ वर्षांत फेकायचीच.

मिलिंद : आठ वर्षं ही वॉरंटी आहे, आयुष्य नव्हे. टियागो ईव्हीला आठ वर्षं किंवा १.६ लाख किमी. रेंज हळूहळू कमी होईल, पण १२ किमीला काय फरक पडतो?

अनघा : हिशेब राहू द्या, आधी पार्किंगचं बघा! आमच्या सोसायटीत परवानगीवरून दोन सभा झाल्या. शेवटी मीटररूममधून आमच्याच मीटरची केबल ओढली. इलेक्ट्रिशियनने साधा सॉकेट बसवला. तासन् तास लोड घेऊन प्लगची पिन काळी पडली, प्लास्टिक मऊ झालं. मग जाड वायर, वेगळा एमसीबी आणि चांगला सॉकेट घातला. तरी चार्जरवर लाल दिवा. अर्थिंगच नव्हतं!

स्पार्कप्लग : म्हणूनच सांगतो, नसता ताप. पेट्रोल भरा आणि निघा.

अनघा : ताप सोसायटीचा आहे, गाडीचा नाही. आमच्या चेअरमनसारखं बोलू नका.

स्पार्कप्लग : मी कुणाचा चेअरमन नाही. आठव्या मजल्यावर राहतो, पार्किंग स्टॅकचं, वर चढवलेल्या गाडीला चार्जिंग कसं करू ते सांगा.

अनघा : तुमच्या पार्किंगला नाही जमणार, मान्य. पण म्हणून सगळ्यांना घाबरवू नका.

मिलिंद : पेट्रोलवाल्यांनी एक ऐकावं. सहा किमीत इंजिन जेमतेम तापतं. रोज असंच चाललं तर ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल साठतं. किमी कमी झाले तरी ऑइल वर्षाला बदलाच, आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा. इलेक्ट्रिकला ही भानगड नाही, एवढं मी मान्य करतो.

कोथरूडकर : पार्किंग तळमजल्यावर, स्वतःचं आहे. पण मीटररूम दुसऱ्या विंगमध्ये, साधारण ४० मीटरवर. एवढ्या लांब केबलचा खर्च कुणाला किती आला?