मदत हवी आहे: जिवाणू ८० अंशांच्या आत थांबतो, मग त्याचं एन्झाइम ९५ अंशांना कसं टिकतं?

मंडळी, पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत शिकवताना एका प्रश्नावर अडकलोय. थर्मस ॲक्वाटिकस हा यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला जिवाणू साधारण ७० अंशांना उत्तम वाढतो, ७९च्या पुढे वाढत नाही. पण त्याचंच टॅक पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम ९५ अंशांना काम सोडत नाही. तिथे त्याचं अर्धायुष्य सुमारे ४० मिनिटं आहे.

हिशोब करून पाहिला. सुरुवातीची २ मिनिटं आणि ३० फेऱ्यांत प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे ९५ अंशांना एकूण १७ मिनिटं. शेवटी जवळपास तीन चतुर्थांश एन्झाइम शाबूत राहतं. तापमान ९७.५ केलं तर अर्धायुष्य ९ मिनिटांवर येतं आणि उरतं जेमतेम पाव. शेवटच्या फेऱ्यांत उत्पादन रोडावतं, त्याला हेही एक कारण असावं.

प्रथिनाचं मला पटतं: घट्ट भरलेला जलद्वेषी गाभा, पृष्ठभागावर विरुद्ध प्रभारांच्या जोड्या. पेशीपटलाचं मात्र कोडं आहे. लांब, संपृक्त, शाखा असलेली मेदाम्लं त्याला फार पातळ होऊ देत नाहीत, पण उष्णता वाढली की प्रोटॉन गळतातच. मग वाढीची मर्यादा पटल ठरवतं, की एखादं नाजूक प्रथिन? (आर्कियांचे ईथर-बंध इथे नकोत, हा जिवाणू आहे.)

हे वेगळं करून दाखवणारा प्रयोग कुणाला माहीत आहे का? बारावीच्या मुलांना समजेल असा असेल तर फारच छान.