अनुभव धागा: भाडेकरू निघाले, डिपॉझिटमधून काय कापलं आणि ते पत्रात कसं लिहिलं?

अनघा_जुळे सोलापूर

आमचं जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरचं टू बीएचके भाड्याने दिलेलं असतं. तेहतीस महिने राहिलेलं कुटुंब गेल्या महिनाअखेरीस पुण्याला गेलं. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, भाडं एकदाही थकलं नाही, दिवाळीला त्यांच्याकडून शेंगाचटणीचा डबा यायचा. डिपॉझिट ४५,०००. ह्यांनी हिशेबाचं पत्र लिहिलं आणि "शुद्धलेखन बघ" म्हणून माझ्या हातात दिलं. तेच खाली देते.

"आपण घराची जी अवस्था करून ठेवली आहे ती पाहता खालील रक्कम कापण्यात येत आहे. पूर्ण घराचा रंग २२,०००. ओट्याच्या टाइल फोडल्याबद्दल २,८००. दोन जाळ्या १,८००. नळ खराब केल्याबद्दल १,४५०. लाइट बिल अंदाजे २,०००. साफसफाई १,५००. एकूण ३१,५५०. बाकी १३,४५० येऊन घेऊन जावे. याबाबत चर्चा होणार नाही."

शुद्धलेखन बरोबर आहे. बाकी पत्र मला नव्याने लिहायचंय. तुम्ही घर देताना-घेताना काय कापलं, काय सोडलं, कागदावर कसं मांडलं, सगळ्यांनी लिहा. मालक आणि भाडेकरू दोघांचेही अनुभव चालतील.

सात रस्ता

ताई, एवढा विचार कशाला? एक महिन्याचं भाडं रंगाचं म्हणून कापायचंच, अख्ख्या सोलापुरात तीच पद्धत आहे. मी तर लाइट बिलाचे म्हणून दोन हजार सरसकट ठेवतो. आणि आता नवीन कायदा आलाय, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. तुमचं ४५,००० त्यात बसतं का ते आधी बघा.

भीमाकाठ

सात रस्ता, दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी मालकावर आहे. डिपॉझिटमधून काय कापता येईल ते बहुतेक तुमच्या करारातल्या कलमावरच ठरतं, म्हणून अनघाताई, आधी तो करार काढा. बहुतेक छापील मसुद्यांत "नैसर्गिक झीज वगळता" असे शब्द असतात. रंगासाठी महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे हे खरं, पण करारात तसं लिहिलं नसेल तर ती फक्त पद्धत. समोरचा वकिलाकडे गेला की टिकत नाही.

माझा भाऊ आणि बहीण दोघं बाहेरगावी असतात, त्यांची होटगी रोडची घरं मीच बघतो. त्यामुळे अशी पत्रं बरीच लिहिलीत. तुमच्या यादीवर एकेक बोलतो.

नळ. सोलापूरकराने नळाचे पैसे भाडेकरूकडून घेऊ नयेत. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर. नळाच्या तोंडाशी पांढरा कडक थर बसतो, आतली जाळी बुजते आणि धार वाकडीतिकडी उडते. तो क्षार आहे, कुणीही राहिलं असतं तरी बसला असता. हँडल मोडलं असेल किंवा नळ पिळून आटे गेले असतील तर गोष्ट वेगळी. ते नळ उघडून पाहिलं की कळतं.

रंग. शेवटचा रंग कधी दिला होता? हे कुटुंब यायच्या आधी दिला असेल तर तो तेहतीस महिन्यांचा झाला. आतला साधा रंग मी पाच वर्षांचा, म्हणजे साठ महिन्यांचा धरतो. मग उरले सत्तावीस. भाडेकरूमुळे एखादी भिंत खरंच खराब झाली असेल तर त्या भिंतीच्या रंगाचा सत्तावीस-साठांश भाग त्यांचा. पूर्ण घर रंगवणं पुढच्या भाडेकरूसाठी तुम्ही करणारच होतात, त्याचं बिल गेलेल्या माणसाला का? पुट्टीचे पोपडे निघाले असतील तर तो दुरुस्तीचा खर्च मात्र मी पूर्ण धरतो, कारण पुट्टी वर्षांच्या हिशेबाने झिजत नाही.

लाइट बिल. अंदाज नको. किल्ली घेतली त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग आहे का? मागच्या बिलावरचं रीडिंग त्यातून वजा करा, युनिट मिळतात. बिल नंतर येतं, म्हणून थोडी रक्कम राखून ठेवा आणि बिल आलं की फरक परत करा. एक सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला महावितरण कधीकधी वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती ठेव मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा राहते. ती भाडेकरूकडून कापली तर तुम्ही त्याच्या पैशाने स्वतःची ठेव वाढवली. हे मी सख्ख्या नातेवाइकांना करताना पाहिलंय.

कडक भाकरी

आमचं प्रकरण याहून वाईट. पूर्व भागात चाळीत वडिलांच्या वेळचा भाडेकरू आहे, महिना एकशे वीस रुपये देतो, तेही मनीऑर्डरने. त्याला कसं काढायचं? पत्राचा काही नमुना आहे का?

भीमाकाठ

भाऊ, तो जुना भाडेकरू, त्याला वेगळी कलमं लागतात. इथे परवाना करार संपून गेलेल्या लोकांचा हिशेब चाललाय. वेगळा धागा काढा, मी येतो.

निघालेली भाडेकरीण

मी तुमच्या समोरच्या बाजूची. सात वर्षांत विजापूर रोड आणि सैफुल धरून चार घरं बदलली. डिपॉझिटचं पत्र हातात आलं की मी आधी काय शोधते सांगू? परत किती मिळणार आणि कधी. ते तिसऱ्या परिच्छेदात सापडतं, आणि तोवर वरच्या दोन परिच्छेदांत आपण किती घाणेरडे लोक आहोत हे वाचून झालेलं असतं.

एका मालकांनी फक्त "दुरुस्ती ६,५००" एवढंच लिहिलं होतं. कशाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या एका काकूंनी दोन हजार कापले. पण सिंकखालच्या फुगलेल्या दाराचा फोटो आणि सुताराच्या हिशेबाची चिठ्ठी जोडली होती, आणि खाली "बाथरूमची कडी जुनी होती, तिचे काही धरले नाहीत" असं लिहिलं होतं. त्या काकूंशी मी एका शब्दाने वाद घातला नाही. कापलेलं खरं वाटलं ते न कापलेल्यामुळे.

अजून एक, निघताना मालकाने आमच्यासोबत घर बघितलं असेल तर पत्रात तसं लिहा. आमच्या पाठीमागे सापडलेल्या नुकसानावर विश्वास बसत नाही.

सात रस्ता

म्हणजे आता मालकाने माफी मागत पैसे कापायचे! टाइल त्यांनीच फोडली ना?

अनघा_जुळे सोलापूर

काल वर जाऊन पुन्हा बघितलं, ह्यांनाही नेलं. मीटरचा फोटो सुदैवाने त्याच दिवशीचा आहे. रंग त्यांच्या येण्याआधीच दिलेला. लहान बेडरूमच्या एका भिंतीवर मुलाचे स्टिकर होते, ते ओढताना पुट्टीचे पोपडे आलेत. बाकी भिंती नुसत्या मळल्यात. ओट्यामागे पाण्याच्या फिल्टरसाठी ड्रिल केलंय, त्या भोकातून केसाएवढी रेघ निघून दोन टाइलमध्ये गेलीये. ह्यांनी अख्खी ओळ धरली होती. एका जाळीला वायफायच्या वायरसाठी भोक पाडलंय, दुसरी नुसती गंजली आहे. घर त्यांनी झाडून-पुसून दिलं होतं, साफसफाईचे पंधराशे कशाचे ते ह्यांनाही सांगता आलं नाही.

नवं पत्र असं झालंय:

"श्री. व सौ. … यांस, सप्रेम नमस्कार.

आपल्या ४५,००० रुपयांच्या डिपॉझिटपैकी ४०,१७५ रुपये आज आपल्या खात्यात पाठवत आहोत. लाइट बिलासाठी १,५०० रुपये तूर्त राखून ठेवले आहेत. वजावट ३,३२५ रुपये असून तपशील असा:

लहान बेडरूमच्या पूर्वेकडील भिंतीवर स्टिकरच्या जागी पुट्टी निघाली आहे. पुट्टी-दुरुस्ती ९०० रुपये. त्या भिंतीच्या रंगाचा खर्च १,५०० आहे, पण रंग तेहतीस महिने जुना असल्याने उरलेल्या काळापुरते ६७५ रुपये धरले आहेत.

ओट्यामागील दोन टाइलना फिल्टरच्या ड्रिलपासून तडा गेला आहे. टाइल व सिमेंट २५० आणि गवंड्याची मजुरी ८००, मिळून १,०५० रुपये.

हॉलच्या खिडकीची जाळी वायरच्या भोकामुळे बदलावी लागत आहे, ७०० रुपये.

नळांवरचा क्षार, बेडरूमची गंजलेली जाळी आणि इतर भिंती ही वापरातली झीज असल्याने त्यांचे काही धरलेले नाही.

किल्ली घेतली त्या दिवशी मीटर ४,८१२ वर होते, मागील बिलावर ४,६५५. या १५७ युनिटचे बिल आल्यावर प्रत पाठवू आणि १,५०० मधली उरलेली रक्कम देऊ. फोटो व कारागिरांचे हिशेब सोबत आहेत. काही पटले नाही तर आठ दिवसांत जरूर कळवा.

आपण घर नीट सांभाळलेत, त्याबद्दल आभार."

भीमाकाठ

छान. माणसाने काय केलं याऐवजी वस्तूला काय झालंय ते लिहिलंत, तेच हवं होतं. दोन सूचना. पैसे कुठल्या खात्यावर, कुठल्या तारखेला पाठवले तेही टाका. आणि "आभार" पत्राच्या शेवटीच असू द्या. वर घेतलं तर खाली कपातीची तयारी चाललीये असं वाटतं.

गवंड्याबद्दल: दोन टाइलसाठी आला तरी तो निदान अर्ध्या दिवसाची हजेरी घेतो, त्यामुळे ८०० ठीक. पण त्याच फेरीत त्याच्याकडून बाथरूमची फरशीही बसवून घेणार असाल तर मजुरी वाटून धरा.

अनघा_जुळे सोलापूर

बाथरूमचं काम करून घ्यायचंच होतं. म्हणजे मजुरीतले ४०० आमच्याकडे. मग टाइलचे ६५०, वजावट २,९२५, आणि परत ४०,५७५. ह्यांना सांगते, तोंड वाकडं करतील.

मीनाक्षी_बाळीवेस

त्या डिझाइनची टाइल मिळाली का पण? आमच्याकडे बारा वर्षांपूर्वीची टाइल, कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी दोन वेगळ्या रंगाच्या बसवल्या आणि आता रोज तेच दिसतं.

सात रस्ता

हेच म्हणतोय मी. दोन टाइल फुटल्या पण अख्खी ओळ बदलावी लागते, तर ओळीचे पैसे घ्यायला काय हरकत?

भीमाकाठ

ओळ बदलली तर तुम्हाला नव्या टाइलची ओळ मिळते, जुन्याची नाही. त्यातला काही भाग तुमचा फायदा. मी स्वतः अशा वेळी टाइल दोन आणि मजुरी पूर्ण एवढंच धरतो. पण दुसरा कोणी निम्मी ओळ धरेल, त्यालाही चूक म्हणता येणार नाही.

निघालेली भाडेकरीण

मग जाळीचंही वय धरायला हवं ना? रंगाला तेहतीस महिने मोजले, जाळीला पूर्ण ७००?

अनघा_जुळे सोलापूर

जाळी घर बांधलं तेव्हाची. ह्यांचं म्हणणं, जाळी एरवी आणखी दहा वर्षं टिकली असती. माझं म्हणणं, शेजारची गंजली म्हणजे हीपण गंजणारच होती. पत्र आज संध्याकाळी जाणार, तोवर ७०० की ३५० ते ठरवायचंय. अजून कोणाचा जाळीचा अनुभव असेल तर लवकर लिहा.