वारसाने घर विकलं तर खरेदी किंमत कुणाची धरायची: बापाची की वारसाची?

परभणीचा_धाकटा: वडिलांनी 1986 ला परभणीत प्लॉट घेतला, 1991 ला घर बांधलं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते गेले. वारस तिघं: आई, बहीण आणि मी. सप्टेंबर 2025 मध्ये घर 60 लाखांना विकलं. माझं म्हणणं, वडील गेले त्या दिवशीचा भाव, समजा 55 लाख, हीच आमची किंमत. कर फक्त 5 लाखांवर बसावा. 1986 ला आम्ही घर घेतलंच नव्हतं! शिवाय आमच्या नावावर येऊन दोन वर्षंही झाली नाहीत, म्हणजे अल्पकालीन नफा धरणार का?

नांदेडचे_काका: बरोबर आहे तुमचं. वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेवर करच नसतो. निवांत राहा.

कर_सल्लागार_लातूर: काका, अर्धंच बरोबर. घर वारसाला *मिळताना* कर नाही, *विकताना* आहे. आणि धाकट्या, दोन वर्षांची भीती सोडा. वडिलांचा काळ तुमच्या काळात मिळवतात, म्हणून नफा दीर्घकालीनच.

किंमतही वडिलांचीच. पण घर 2001 च्या आधीचं असल्याने 1986 चा आकडा लागत नाही, 1 एप्रिल 2001 चा भाव धरता येतो. इथंच लोक फसतात. मूल्यांककाकडून 15 लाखांचा दाखला आणला तरी त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या दराने घर 8 लाखांचं ठरत असेल, तर 8 च्या वर जाता येत नाही. 2020 च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा घातली. त्यामुळे आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून 2001 च्या दराचा कागद काढा, मग मूल्यांककाकडे जा.

समजा ते 8 लाख ठरले. महागाई निर्देशांक न लावता नफा 52 लाख, 12.5 टक्क्यांनी कर साडेसहा लाख. निर्देशांक लावला तर 2025-26 च्या 376 प्रमाणे 8 चे 30.08 लाख होतात, नफा 29.92 लाख, 20 टक्क्यांनी कर 5.98 लाख. जो कमी तो भरायचा, वर 4 टक्के उपकर. हिशोब तिघांचा वेगवेगळा, प्रत्येकाचा एक तृतीयांश. आईला दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीतली 4 लाखांची मर्यादा तिच्या नफ्यातून वजा होते. फॅमिली पेन्शन असेल तर तेवढी मर्यादा पेन्शनच खाऊन टाकते.

परभणीचा_धाकटा: म्हणजे बापाच्या 30-40 वर्षांच्या वाढीचा कर पोरांनी भरायचा. हा न्याय कुठला?

बीडची_वकीलबाई: वडिलांनी जानेवारी 2024 मध्ये स्वतः विकलं असतं तर त्यांनीही कर भरलाच असता. माणूस गेला म्हणून तेवढ्या वर्षांचा नफा पुसून टाकायचा? मृत्यूच्या दिवशीचा भाव अमेरिकेत धरतात, पण तिथं मोठ्या इस्टेटीवर वेगळा करही आहे. आपल्याकडचा इस्टेट ड्युटी कर 1985 ला उठला. तोही नको, हाही नको, असं कसं चालेल?

परभणीचा_धाकटा: मोठ्या इस्टेटीवाल्यांचं जाऊ द्या हो. आमचं एकच घर होतं.

जालन्याचा_शेतकरी: माझं वेगळंय. वडिलांच्या माघारी बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, मी तिला 10 लाख दिले. घर आता माझ्याच नावावर. मला पण वडिलांचीच किंमत ना?

कर_सल्लागार_लातूर: तुमच्या मूळ वाट्याला हो. बहिणीचा वाटा पैसे देऊन घेतलात, म्हणून त्याची किंमत 10 लाख आणि मुदत पत्राच्या तारखेपासून. दोन वर्षांत विकलं तर तेवढा भाग अल्पकालीन. बहिणीच्या हातातल्या 10 लाखांवरही नफ्याचा हिशोब होतो. गावाकडं हा कुणी करतच नाही, आणि नोटीस तिला येते. पैसे न घेता सोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

लातूरची_सून: सासूबाई नोव्हेंबर 2024 मध्ये गेल्या. घर त्यांनी 1995 ला घेतलेलं. 20 टक्क्यांचा पर्याय 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरालाच आहे ना? मग आमचं घर "आधी घेतलेलं" की नंतरचं?

कर_सल्लागार_लातूर: माझ्या मते आधीचंच. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये निर्देशांकाचं वर्ष मूळ मालकापासून धरायला सांगितलं, तोच धागा इथं लागतो.

बीडची_वकीलबाई: मी एवढी खात्रीने सांगणार नाही. तो निकाल निर्देशांकाच्या वर्षाचा. इथली अट करदात्याने मालमत्ता *कधी* घेतली याची, आणि वारस घर घेतो ते मृत्यूच्या दिवशी. मी असते तर दोन्ही आकडे काढून फरक बघितला असता. फरक थोडा असेल तर साडेबारानेच भरा.

लातूरची_सून: फरक पावणेदोन लाखांचा आहे हो!

बीडची_वकीलबाई: मग पर्याय घ्या, पण पावणेदोन लाख बाजूला ठेवून.