मदत हवी आहे: बचत गटात कर्जाबद्दल बोलायचंय, आकडे कसे मांडू?

हर्णैजवळच्या आमच्या गटात पुढच्या बैठकीत मला कर्जावर बोलायचंय. बहुतेक जणी मासळी विकतात. गटाचं अंतर्गत कर्ज महिना दीड टक्क्याने मिळतं. खाजगी कंपनीचा माणूस "वर्षाला फक्त १२ टक्के" म्हणतो, म्हणून सगळ्या तिकडे वळतात. दोघी-तिघींची तर दोन-दोन कर्जं चालू आहेत. हे कसं समजवावं?

सुनंदा_दापोली: त्यात समजवायचं काय? दीड गुणिले १२ म्हणजे १८. कंपनीचे १२. कंपनी स्वस्त.

निवृत्त_शाखाधिकारी: सुनंदाताई, गुणाकार बरोबर आहे, पण १२ टक्के कशावर हे विचारलंत का? ३०,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेतले असं धरू. कंपनी शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वर व्याज लावत असेल, तर व्याज ३,६०० आणि हप्ता २,८००. गटात दरमहा २,५०० मुद्दल फिटत जाते आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. पहिल्या महिन्यात ४५०, शेवटच्या महिन्यात ३७-३८ रुपये. एकूण २,९२५. बैठकीत फळ्यावर ही दोनच गणितं मांडा. प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात किती पडतात, तेही विचारायला सांगा. नोंदणीकृत कंपनीला सगळा खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा कागद द्यावाच लागतो. तो सही करण्याआधी मागायचा.

बंदरावरची: आमच्या घरी बोटीच्या इंजिनासाठी बँकेचं कर्ज आहे, नवऱ्याच्या नावावर. ते माफ होतं का कधी?

निवृत्त_शाखाधिकारी: ताई, माफीचं इथे नको. पण तुमचा हप्ता कामाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सूक्ष्म कर्ज देताना नवरा-बायको दोघांचे मिळून सगळे हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत. तुमच्याकडे महिना १२,००० येतात असं समजा. बोटीचा हप्ता ३,५०० आणि नवा २,८०० मिळून ६,३०० होतात. म्हणजे मर्यादा ओलांडली.

सुनंदा_दापोली: बरं, पटलं. पण १२,००० बारा महिने कुठे येतात? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हप्ता पावसात थांबतो का?

निवृत्त_शाखाधिकारी: नाही थांबत, आणि दुसरं कर्ज बहुतेक तिथेच उभं राहतं. जूनचा हप्ता भरायला नवं कर्ज घेणारी ऑगस्टपासून दोन हप्ते भरते. त्यामुळे कर्ज घेतानाच जून-जुलैचे पैसे कुठून येणार ते लिहून काढा. एप्रिल-मेमध्ये बाजूला पडत नसतील, तर रक्कम कमी घ्या.

मूळ प्रश्नकर्ती: फळ्याचं जमेल. अडचण वेगळीच आहे. एकीने जावेसाठी स्वतःच्या नावावर कर्ज घेतलंय. सगळ्यांसमोर विचारलं तर ती बोलणारच नाही.

बंदरावरची: सभेत नका विचारू. घरी जा.

निवृत्त_शाखाधिकारी: कर्ज-इतिहासाचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात तिच्या नावावरचं दिसेल. पण सावकाराचं किंवा शेजारणीचं उसनं त्यात येत नाही. ते तिच्याकडूनच कळायचं, आणि ती सांगेल का, हे मला इथून कसं सांगता येणार?