'रापलेला' फौजी आणि 'काळवंडलेली' बहीण

कोरेगावकर: 'रापणे' आणि 'काळवंडणे' यांत फरक काय? आमच्या साताऱ्याकडे सुट्टीवर आलेल्या फौजीचा चेहरा रापलेला म्हणतात, त्यात मान असतो. त्याच उन्हात भांगलून आलेल्या त्याच्या बहिणीला मात्र "किती काळवंडलीस!" इंग्रजीत तर 'टॅन'चं कौतुकच. असं का?

सुनंदाताई, मिरज: टॅन घालवायला दही-बेसन लावा. माझ्या सुनेचे हात गाडी चालवून दोन रंगांचे झालेत.

तासगावकर: गोरेपणाचं वेड इंग्रजांनी आणलं. त्याआधी आपला विठोबा सावळाच होता.

निवृत्त मास्तर, सांगली: तासगावकर, इंग्रजी राज्यानं ते वेड वाढवलं, हे खरं. पण आपल्याकडं ते त्याआधीही होतं. शिवाय एकोणिसाव्या शतकात इथं आलेल्या मडमा स्वतःच छत्री आणि टोपीशिवाय बाहेर पडत नसत. तेव्हा युरोपातही रापलेली कातडी म्हणजे शेतमजुराची खूण होती. मग मजूर शेतातून गिरणीत आणि खाणीत गेला. धुरानं कोंदलेल्या शहरात तो फिका पडला, त्याच्या पोरांना मुडदूस होऊ लागला. १९०३ साली डॉक्टर फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी डॉक्टर रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ गावी क्षयाच्या रोग्यांना ऊन देणारा दवाखाना काढला. ऊन औषध ठरलं. १९२० नंतर फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर रापून येणं म्हणजे सुट्टी आणि पैसा दोन्ही असल्याची खूण झाली. या फॅशनचं श्रेय एकट्या कोको शनेल या फ्रेंच फॅशन डिझायनरला देतात, ते मला पटत नाही; पाया डॉक्टरांनी घातला होता. फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजा मिळाली ती १९३६ साली; तोवर अशी सुट्टी पैसेवाल्यांचीच.
आपल्याकडं उन्हातलं काम संपलंच नाही. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाया आजही साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोंडाला स्कार्फ बांधतात. रापणं इथं मजुरीशीच जोडलेलं राहिलं.
सुनंदाताई, दंडाची आतली बाजू बघा, तो मूळ रंग. उन्हानं चढलेला रंग ऊन टाळलं की वरची कातडी झडत जाते तसा काही आठवड्यांत फिका होतो. मूळ रंग दही-बेसनानं जात नाही.

वैशाली, विटा: मास्तर, सगळं मजुरीवर ढकलू नका. मी बँकेत सावलीत बसते, जन्मतः सावळी आहे, तरी स्थळांना 'गोरीच' हवी असते. त्यात जातही असते, हुंडाही.

निवृत्त मास्तर, सांगली: मान्य. मजुरीनं रापण्याचा उलगडा होतो, जन्माच्या रंगाचा पुरता होत नाही.

कोरेगावकर: मग बाईला 'रापलेली' कुठं म्हणतात का?

तासगावकर: आमच्याकडं शेतात आयुष्य गेलेल्या म्हातारीला म्हणतात, आणि मानानं. लग्नाच्या मुलीला मी तरी ऐकलं नाही.