प्रमाणपत्रातलं शीर्षक आणि कर्ता-क्रियापद

> 'प्रबंधाचं मुखपृष्ठ, प्रमाणपत्र वगैरे तर ठरलेला मजकूर असतो, त्यात तपासायचं काय?'

ठरलेला असतो म्हणूनच चुका राहतात, कारण तो कोणी वाचत नाही. बहुतेक जण आधीच्या विद्यार्थ्याची फाइल उघडून नाव बदलतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात विद्यार्थिनीचं प्रतिज्ञापत्र 'मी जाहीर करतो की' असं सुरू होत होतं, आणि मार्गदर्शकांच्या प्रमाणपत्रात 'त्याने हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली केले' असं होतं. शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेकला यात काहीच वावगं दिसत नाही. आणखी गंमत म्हणजे मार्गदर्शक स्वतः बाई होत्या आणि त्यांच्या सहीच्या वर 'प्रमाणित करतो' छापलं होतं. नाव बदललं की त्या पानावरची प्रत्येक क्रियापद आणि सर्वनाम वेगळं तपासावं लागतं.

दुसरी जागा शीर्षकाची. ते मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र अशा तीन ठिकाणी येतं, आणि त्याच प्रबंधात एका ठिकाणी 'चिकित्सक अभ्यास', तर दुसरीकडे नुसताच 'अभ्यास' होता. अशा वेळी पानं एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही, तिन्ही चुकलेली असू शकतात. नोंदणी मंजुरीचं पत्र समोर ठेवून, शब्दागणिक बोट ठेवून वाचायचं. मार्गदर्शकांच्या नावाचं स्पेलिंग, आद्याक्षरं आणि पदनाम मात्र त्यांनाच लिहून मागा. ऋणनिर्देशातही तेच रूप वापरा.